कुंदाच्या खोलीतला वारा

जमना रागावली की आवाज चढवायची नाही. आधी पदर कमरेला खोचायची, हातातलं काम खाली ठेवायची आणि मग एकेक शब्द असा टाकायची, की समोरच्याला वाटावं, बाई, ओरड एकदाची, पण असं बोलू नको. त्या वैशाखात मात्र ती ओरडली. मी तिच्याजवळच होते, आणि आजही म्हणते, तिनं जेवढा राग केला तेवढा कमीच होता.

ती तारापूरकडची, मच्छीमारांची मुलगी. बापाची होडी होती, आई बोंबील वाळवून बाजारात विकायची. जमना परकर नेसायची तेव्हापासून डोक्यावर पाटी घेऊन आईमागून बाजारात जायची. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाईकाला ती म्हणे, "वास फुकट हाय, तेवढा घेऊन जा." पालघरकडच्या माहीमच्या वामनशी लग्न झालं. वामनच्या घरच्या होडीवर भाऊ जास्त आणि जाळी कमी, म्हणून तो अ‍ॅटमिकच्या म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वेल्डरच्या हाताखाली लागला आणि दोघं बोईसरला आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली.

ती चाळ गोमाशेटनं घाईघाईत बांधलेली. तारापूरच्या रस्त्यावर कामगार येऊ लागले, तसे ज्याच्याकडे जागा त्यानं पत्रे टाकले. खोलीला पुढे पूर्वेकडे एक दार, मागे पश्चिमेला एक खिडकी, वर पत्रा. मधली भिंत एकाच विटेची आणि तीही पत्र्यापर्यंत पोचलेली नाही. जमनाच्या खोलीत चमचा पडला तर आमच्याकडे कळायचं, आणि आमच्या ह्यांनी रेडिओ लावला की ती पलीकडून म्हणायची, "वयनी, भावोजींना सांगा, आमाला पण हेच गाणं आवडते, पण एवढं नाय आवडत."

मागच्या खिडकीचा मात्र उपयोग नव्हता. तिच्यामागे गोमाशेटची आंब्याची वाडी. भाडेकरू खिडकीतून हात घालून आंबे तोडतात असं त्याच्या मनानं घेतलं होतं. जमनाच्या खोलीच्या खिडकीला त्यानं फळ्या ठोकून टाकल्या होत्या.

आमच्याकडचा उन्हाळा देशावरच्या लोकांना सांगूनही कळत नाही. तिकडे ऊन कोरडं. इथे घाम येतो आणि वाळतच नाही. अंगावरचं लुगडं सकाळी नेसताना कोरडं असतं तेवढंच. दुपारी त्या पत्र्याखाली बसलं की मोदकपात्रात बसल्यासारखं वाटायचं. माझ्यासारख्या धट्ट्याकट्ट्या बाईला जिथे भोवळ यायची, तिथे कुंदा जन्माला आली.

बाळंतपणाला जमनानं माहेरी जायचं ठरलं होतं. पण कळा आधीच सुरू झाल्या आणि गाडीबैलाची सोय होईतो सुईणीला बोलवावं लागलं. पोर थोडी बारीक होती, पण रडली खणखणीत. दुसऱ्या दिवशी माहीमहून जमनाची सासू आली. येसूबाई.

येसूबाई वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिनं सुनेला हातात पेला घ्यायला दिला नाही. पहाटे उठून शेक, मालिश, आळिवाची खीर, सगळं ती करायची. पण वाऱ्याशी तिचं वैर होतं. तिची दोन पोरं श्रावणात, झडीच्या दिवसांत, एकामागून एक गेली होती. कुडाच्या भिंती, सगळीकडून ओल आणि झोंबणारा वारा. पोरांच्या छातीत घरघर झाली आणि गेली. तेव्हापासून तिच्या लेखी जगात पोराचा जीव घेणारी एकच वस्तू होती. ती श्रावणातली असो की वैशाखातली.

तिनं आल्या आल्या फळ्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. खिडकीवर आतून गोणपाट टाकलं. दारावर जुनी चादर. बाळंतिणीची खोली अंधारी हवी, हे तर आम्ही सगळ्याच जाणतो, आणि अंधारात पोर निजतं हेही खरंच. पण येसूबाईच्या मनात अंधार आणि बंद हे एकच होतं. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि वावडिंग. चूलही त्याच खोलीच्या कोपऱ्यात. आणि पोरीच्या अंगात झबलं, त्यावर दुसरं झबलं, डोक्याला कानांवरून बांधलेलं टोपडं, कानात कापूस, वर कुंची, आणि हे सगळं दुपट्यात घट्ट बांधलेलं.

मी बघायला गेले तेव्हा मला त्या गाठोड्यात नाक तेवढं दिसलं.

"आई, पोरीला उकडतंय," जमना म्हणाली.

"पोटात काय थंडीत होती ती? नऊ महिने उबेतच होती ना?"

"पोटात टोपडं नव्हतं घातलेलं."

"बोल, बोल. पाय बघ हिचे, गार हायत. आणि म्हणते उकडते."

हे पायांचं येसूबाईचं शास्त्र होतं. दर थोड्या वेळानं ती दुपट्यात हात घालून तळपाय चाचपायची, गार लागले की आणखी एक फडकं गुंडाळायची. एवढ्याशा पोरांचे हातपाय गारच लागतात, त्यावरून काही कळत नाही, हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा मलाही वाटलं, असेल बाई, म्हातारीनं पावसाळे बघितलेत.

पाचवी झाली, बारसं झालं, कुंदा नाव ठेवलं. तोवर पोरीच्या गळ्याच्या वळ्यांत, काखेत, जांघेत लाल पुरळ आलं होतं. घामोळं. येसूबाईनं त्यावर खोबरेल तेल चोळलं, वर बेसन थापलं. तेलानं ते आणखी चिडलं. कुंदा रात्रंदिवस किरकिर करायची. वाडीपलीकडच्या दगडखाणीत सुरुंग उडाला की दचकून दोन्ही हात वर फेकायची आणि मग रडणं थांबायचं नाही. ट्रक गेला की रडायची. आमच्या ह्यांचा रेडिओ मी कपाटात ठेवून दिला.

जमना वामनवर तापली. तो कामावरून आला की भिंतीपलीकडे रोज हेच.

"तुमी दिवसभर मोकळ्या हवेत."

"मोकळ्या? वेल्डिंगच्या आगीसमोर असतो मी."

"मंग तुमाला तर कळायला पायजे. आईला सांगा, खिडकीवरचं गोणपाट काढा."

"तिची दोन पोरं गेली, जमना."

"म्हणून तिसरी घालवायची?"

वामन भांडणारा नव्हता. बाहेर ओट्यावर जाऊन विडी ओढत बसायचा. मला त्याचा असा संताप यायचा. दोन बायका आत एका पोरीवरून जीव काढतायत आणि हा म्हणे कुणाचंच मन मोडत नाही! अशा माणसाला लोक भला म्हणतात.

एका संध्याकाळी तो टेबलपंखा घेऊन आला. कुणी फोरमन बदलून गेला होता, त्याचा. चाळीत वीज नुकतीच आली होती, दिवसातून चार वेळा जायची, पण पंखा म्हणजे अप्रूप. वामननं तो स्टुलावर ठेवला, बटण दाबलं आणि विजयी मुद्रेनं जमनाकडे पाहिलं. वाऱ्याचा झोत थेट बाजेवर. दुपट्याचं टोक उडून कुंदाच्या तोंडावर आलं.

येसूबाई किंचाळली. जमनानंही झडप घातली. तिनं ते फडकं आधी तोंडावरून काढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तोंडावर कशाला मारता वारा? तिकडे भिंतीकडे फिरवा त्याचं तोंड. आणि एवढ्या जोरात नको."

"बंद कर तो!" येसूबाई म्हणाली. "पोर मरंल!"

"पंखा बंद नाय होणार, आई."

"मंग मी माहीमला जाते."

वामननं मधला मार्ग काढला. असले मधले मार्ग मला तेव्हापासून नकोसे झालेत. पंखा चालायचा, पण पोरीला वारा लागू नये म्हणून तिला झोळीत घालायचं. आढ्याला जुनं लुगडं बांधून केलेली झोळी, तिच्या दोन्ही कडा वर ओढून एकमेकींत गुंतवायच्या, म्हणजे आत वाराही नाही आणि उजेडही नाही. सासूचं समाधान. पंख्याचा वारा मोठ्यांना. सुनेचं समाधान. पोरीचं काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

जमना त्या रात्री झोळीच्या कडा उघड्या ठेवून स्वतः जागी बसली. सकाळी डोळे सुजलेले. मला म्हणाली, "वयनी, माझ्याच पोरीजवळ मी राखण करते. चोराची नाय, घरच्यांची."

ते दोन-तीन दिवस तिनं निभावलं. मग ती दुपार आली. नळ नव्हते, विहिरीवर रांग. एरवी येसूबाई पाणी आणायची, पण तिचा पाय मुरगळला होता. घरात थेंब नाही. जमना अजून बाळंतीण, तरी निघाली. निघताना सासूला म्हणाली, "झोळी उघडी ठेवा. टोपडं काढलंय, तसंच राहू दे." मीही माझी कळशी घेऊन तिच्याबरोबर गेले. रांगेत ती सारखी मागे वळून बघत होती. दोनदा म्हणाली, "मी जाते, तुमी माझे हंडे भरून ठेवा." मग नंबर जवळ आला म्हणून थांबली.

आम्ही परत आलो तेव्हा दारावर चादर ओढलेली होती. आत पंखा पुरा जोरात गुरगुरत होता. येसूबाई झोळीची दोरी हातात धरून, डोळे मिटून हलवत बसली होती. चेहऱ्यावर एवढं समाधान, की मलाच बरं वाटलं.

"बघ," ती म्हणाली, "कशी निजलीय. हूं नाय की चूं नाय. पंख्याच्या आवाजानं गुंगली."

जमनानं हंडा दारातच आदळला. झोळी उघडली.

आत कुंदा टोपडं, दोन झबली आणि कुंचीसकट होती. चेहरा लालभडक. केस घामानं चिकटलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं, कारण अंग कोरडं आणि तापलेलं होतं. पोटाजवळ श्वास भराभरा हलत होता. डोळे अर्धवट. जमनानं गालाला हात लावला, हाक मारली. पोरीची मान लुळी पडली. ती निजली नव्हती. रडून रडून दमली असेल, कुणी ऐकलं नसेल. डोक्याजवळ पंख्याचा एवढा आवाज, त्यात त्या इवल्या जिवाचं रडणं कुठलं ऐकू जातंय!

जमनानं नाड्या सोडल्या नाहीत, तोडल्या. सगळं ओरबाडून काढलं. उघड्या पोरीला घेऊन ती ओट्यावर सावलीत आली. मी फडकं भिजवून दिलं. विहिरीचं पाणी गार होतं, म्हणून मी त्यात आमच्या चुलीवरचं थोडं गरम पाणी मिसळलं. तिनं मान, काखा, छाती, पाठ पुसली, पुन्हा पुसली. मग छातीशी लावली. पोर ओठ लावी आणि सोडी. मग एकदा धरलं. दोन घोट घेतले. जमनानं माझ्याकडे बघितलं आणि मला देवाचं नाव घ्यायलाही सुचेना.

येसूबाई दारात उभी होती. हातात झोळीची दोरी तशीच, जमनाच्या ओढाओढीत तुटून आलेली. "मी वारा लागू दिला नाय," ती म्हणाली. "मी जराही वारा लागू दिला नाय."

तेव्हा जमना ओरडली. सगळी चाळ ओट्यावर आली.

"वारा! वारा! तुमचा वारा! वाऱ्यानं नाय, तुमी मारता माझ्या पोरीला! श्रावण हाय का हा? घाम पुसता पुसता तुमचं लुगडं भिजलंय, आणि तिला कुंची? तुमच्या अंगात घाला कुंची, या, घाला, बसा त्या झोळीत आणि मी वरून गाठ मारते!"

कुणी म्हणालं, सासूला असं बोलू नये. जमना त्या बाईकडे वळली, "तू ये. तूही बस तिच्यात."

दवाखाना लांब नव्हता. जमना पुढे, मी तिच्यावर छत्री धरून मागे. तिथे नर्मदाबाई नर्स होत्या, तोंडानं फटकळ. त्यांनी ताप पाहिला, पोरीचं पुरळ पाहिलं आणि सरळ जमनाला झापायला लागल्या. "हिला काय लोणच्यासारखं मुरवत होतात?" जमनानं सगळं स्वतःवर घेतलं. सासूचं नाव घेतलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, छाती साफ आहे, दुसरं काही दिसत नाही, पण एवढ्या लहान पोराच्या तापावर घरी विश्वासून राहायचं नाही. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवा. न उतरला किंवा दूध तोडलं तर पालघरला न्यावं लागेल. आम्ही तिथल्या उंच छताच्या खोलीत बसलो. पोर लंगोट्यात, उघडी, उताणी. जमना थोड्या थोड्या वेळानं अंगावर घेत होती. उन्हं कलली तसा ताप उतरत गेला. मग कुंदानं जमनाचं लुगडं ओलं केलं. नर्मदाबाई पहिल्यांदा हसल्या. "हे बघायचं होतं मला. झालं, पाणी फिरलं अंगात."

निघताना त्यांनी जमनाचा हात धरला आणि पोरीच्या मानेमागे ठेवला. "पायांना काय विचारतेस? इथे विचार. मान घामेजलेली, तापलेली असली तर एक कापड कमी कर. ह्या दिवसांत एक पातळ सुती झबलं, लंगोट, संपलं. डोक्यावर घरात काही नको, डोक्यातूनच उष्णता जाते. तेल नको, पिठं नकोत. घडीतलं पुसून कोरडं ठेव. आणि अंगावर पाज, मागेल तेव्हा पाज."

"आणि पंखा?"

"लाव की. अंगावर थेट नको, तोंडावर तर नाहीच. खोलीतली हवा हलली पाहिजे. बंद खोलीत नुसता पंखा म्हणजे तीच वाफ फिरवत बसायची. दार-खिडकी उघड आधी."

"खिडकीला फळ्या हायत," जमना म्हणाली. आणि पदर खोचला.

त्या रात्री ती चाळीत आली नाही. संध्याकाळी माझे हे दवाखान्यात आले होते, त्यांना बरोबर घेऊन तिथूनच गाडीनं माहेरी गेली. वामन अजून कामावर होता, त्याला निरोप माझ्याकडे ठेवला, "खोली पोरीच्या लायकीची करा, मंग आमी येतो. नायतर येत नाय."

मी निरोप शब्दानं शब्द सांगितला. त्यात माझ्या पदरचं थोडं घातलं, ते सांगत नाही.

आठवड्यानं मी तिला भेटायला गेले. समुद्राजवळचं घर, नारळीच्या झावळ्यांचं छप्पर, आरपार वारा. कुंदा चटईवर उताणी, अंगात जुन्या धोतराचं झबलं. घामोळं बसत आलं होतं. बाहेर बायका ओरडत मासळी निवडत होत्या, कुत्री भांडत होती, आणि पोर गाढ झोपली होती.

"ही सुरुंगाला उडायची ना?" मी विचारलं.

"मी पण तेच बघते, वयनी. इथे गप्प असं कधी नसतेच. समिंदर सारखा हूंऽऽ करतो. त्याच्यात बाकीचं बुडून जाते. तिकडे कसं, मेल्यासारखी शांतता आणि मंग एकदम धडाम्."

तेवढ्यात तिच्या आईनं दारातून विचारलं, जावई काय करतायत? जमना म्हणाली, "विडी ओढत असतील."

पण वामननं केलं. मी माझे शब्द परत घेते. त्यानं चूल ओट्याच्या कडेला हलवली, पत्र्यावर झावळ्या अंथरून काथ्यानं बांधल्या. फक्त खिडकीला त्यानं हात लावला नव्हता. गोमाशेटला विचारतो, म्हणत होता. जमना पोरीला घेऊन आली, ते बघितलं, कुंदाला माझ्या हातात दिलं आणि कोयता घेऊन फळ्यांना भिडली. खिळे किंचाळत निघाले. वाडीतून गोमाशेट धावत आला.

"कुणाच्या परवानगीनं? खोली खाली करायची! आत्ताच्या आत्ता!"

जमनानं तोवर शेवटची फळी काढली होती. खिडकीतून ती त्याला म्हणाली, "शेट, आत या. दुपारभर बसा या खोलीत दार लावून. संध्याकाळपर्यंत टिकलात तर खाली करते."

"माझे आंबे…"

"तुमचे आंबे आंबट हायत. चाळीत कोण खात नाय, इचारा. बकरी पण तोंड लावत नाय."

चाळ हसली. गोमाशेट कुणाला हसलं ते शोधत राहिला. "वर झावळ्या घातल्यात, आग लागली तर?" असं म्हणाला, आणि ते त्याचं खरंही होतं. जमनानं ऐकून घेतलं. "चूल बाहेर नेली. आता झावळ्यांपासून आणखी लांब नेते. खिडकी उघडीच राहील." तो पुटपुटत गेला. त्यानं पुढे पुष्कळ दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. कुणाचं काही अडलं नाही.

खिडकी उघडली आणि दुसरी पंचाईत झाली. दुपारी दर्यावरचा वारा पश्चिमेकडून, आणि ऊनही तिकडूनच. वारा घ्यावा तर उन्हाची तिरीप पोरीच्या डोळ्यांवर, पडदा लावावा तर वारा बंद. वामन म्हणाला, गोणपाटच बरं. जमनानं त्याच्याकडे असं बघितलं की तो ओट्यावर गेला.

इतका वेळ येसूबाई कोपऱ्यात बसली होती. त्या दिवसापासून ती कुणाशी बोलत नव्हती, पोरीला हात लावत नव्हती, माहीमलाही जात नव्हती. ती एकाएकी म्हणाली, "शीड बांधा."

"काय?"

"होडीचं जुनं शीड. खिडकीच्या बाहेरून. भिंतीला चिकटवून नाय, बांबूवर पुढे काढून, खाली मोकळं सोडून. आमी होडीत पोरं असली की सावलीला तसंच करायचो. ऊन वर अडते, वारा खालून येते."

जमना तिच्याकडे वळली. मला वाटलं, आता ही हसेल, पायाशी वाकेल, काहीतरी चांगलं बोलेल.

"हे आधी का नाय सांगितलं?" ती म्हणाली. "एवढं म्हायती होतं, तर गोणपाट कशाला टाकलं?"

"होडीत दुसरं कायच नव्हतं," येसूबाई म्हणाली. "आणि ती पोरं जगली. घरातली गेली." तिचा आवाज चिरका झाला. "दोन्हीकडे वारा होता. मंग मी काय समजायचं?"

जमनानं ओट्यावरून वामनला हाक मारली. वामन माहीमला जाऊन मातकट रंगाचं जाड शीड घेऊन आला. दोन बांबू रोवून ते उताराचं बांधलं. खोलीत आता भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार, आणि पायांवरून वारा सरकतोय असं पहिल्यांदा झालं. पंखा पोरीपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तोंड भिंतीकडे, अगदी हळू. त्याचा एकसारखा गुणगुणाट. पलीकडे सुरुंग उडाला तेव्हा कुंदाची बोटं फक्त उघडली आणि मिटली. मी रेडिओ कपाटातून काढला, तोही हळूच लावला.

वीज गेली की तो आवाज बंद व्हायचा आणि पोर चाळवायची. तेव्हा जमना झावळीच्या पंख्यानं वारा घालत तोंडानं हूंऽऽ करत बसायची. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, बाईला पोटात दुखतंय.

पण पाण्याला ती जात नव्हती. मीच तिचे हंडे आणत होते, कधी वामन. ती खोली सोडत नव्हती. येसूबाई बाजेच्या एका अंगाला, ही दुसऱ्या, मध्ये पोर. दिवसभर दोघी एकमेकींशी एक शब्द न बोलता त्या पोरीच्या श्वासाकडे बघत. मी जेवणाचं ताट द्यायला गेले तर मला गुदमरल्यासारखं व्हायचं. खोलीत इतका वारा असून.

मग एका संध्याकाळी जमना उठली. पदर खोचला. मला वाटलं, आता पुन्हा भांडण. तिनं सासूचा हात मनगटाला धरला, जरा जोरानंच, आणि कुंदाच्या मानेमागे ठेवला.

"काय लागते?"

येसूबाईनं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. जमनानं सोडला नाही.

"सांगा. काय लागते?"

"कोरडी हाय," येसूबाई म्हणाली. "तापलेली नाय." मग थांबून, "पाय गार हायत पण."

"असू दे गार. कापड वाढवायचं?"

येसूबाईनं पुन्हा चाचपलं. तिची बोटं मानेवरच होती. "नाय," ती म्हणाली.

"तोंडावर कायबी ओढायचं नाय. झोळीच्या कडा मिटायच्या नाय. पंखा चालू असला की इथून उठायचं नाय, त्याच्यात रडणं ऐकू येत नाय. घाम आला, तापली वाटली, तर शेजारी हाक मारायची. कळलं?"

"कळलं."

"परत झालं तर तुमी या घरात नाय."

"अगो कळलं! दहादा काय सांगते?" येसूबाई तडकली. "हंडे उचल आणि जा. मघापासून घरात प्यायला पाणी नाय."

जमनानं हंडे उचलले. दारातून बाहेर पडली, ओट्यावरून उतरली आणि विहिरीच्या वाटेला लागली. मी माझी कळशी घेऊन तिच्यामागे धावले. तोंड अजून लालच होतं तिचं.